तीन मिनिटांचा हिशेब: कॉल सेंटरमध्ये लोखंडी पिंजरा कसा उभा राहतो

कॉल सेंटरमध्ये काही महिने काढलेल्या कोणालाही त्याचा एएचटी विचारा, तो सेकंदांत सांगेल. एएचटी म्हणजे एक कॉल हाताळायला लागणारा सरासरी वेळ. ग्राहकाशी बोलण्याचा वेळ, त्याला होल्डवर ठेवलेला वेळ आणि फोन संपल्यावर संगणकात नोंद करायला लागलेला वेळ, हे तिन्ही त्यात येतात. पुण्यात आणि नवी मुंबईत शिफ्ट करणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींचा इन्सेंटिव्ह, अप्रेझल आणि कधीकधी नोकरीसुद्धा या एका आकड्यावर ठरते. हा आकडा कुठून आला, त्याचा मूळ उपयोग काय होता आणि तो माणसांच्या मानेवर कसा येऊन बसला, हे क्रमाने पाहिलं की मॅक्स वेबर ज्याला लोखंडी पिंजरा म्हणत होता तो प्रत्यक्षात कसा बांधला जातो हे कळतं. तो बांधायला कोणी दुष्ट माणूस लागत नाही. प्रत्येक पायरीवरचा हिशेब बरोबर असतो.

वेबरला काय दिसलं होतं

वेबर (१८६४–१९२०) हा जर्मन समाजशास्त्रज्ञ. आधुनिक जगाची मुख्य खूण म्हणून त्याने विवेकीकरणाकडे बोट दाखवलं. एखादं काम रूढीने, सवयीने किंवा समोरचा माणूस पाहून करायचं सोडून द्यायचं. ठरवलेलं उद्दिष्ट कमीत कमी वेळात आणि पैशांत कसं गाठता येईल याचा हिशेब मांडायचा आणि त्या हिशेबाप्रमाणे काम करायचं, असा याचा साधा अर्थ. १९०४-०५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉटेस्टंट धर्म आणि भांडवलशाही यांच्यावरच्या निबंधाच्या शेवटी त्याने इशारा दिला, की ही हिशेबी जीवनपद्धती एकदा यंत्रासारखी चालू लागली की तिच्यात जन्मलेल्या प्रत्येकाला तिच्याप्रमाणे जगावं लागतं, मग त्याची इच्छा असो वा नसो. हे त्याने ग्रंथालयात बसूनच लिहिलं नव्हतं. १९०८ साली तो ओर्लिंगहाउझेन या गावी नातेवाइकांच्या लिननच्या गिरणीत गेला आणि तिथल्या हिशेबाच्या वह्यांवरून विणकरांच्या उत्पादनाचे चढउतार तपासत बसला. मोजमापाची ताकद त्याला आतून माहीत होती.

म्हणूनच त्याने नोकरशाहीला नुसतं हिणवलं नाही. लेखी नियम, ठरलेली अधिकारांची उतरंड, कामाची वाटणी, प्रत्येक गोष्टीची नोंद आणि माणूस न पाहता दिलेला निर्णय, यांमुळे ती आधीच्या कुठल्याही व्यवस्थेपेक्षा अचूक आणि वेगवान ठरते असं त्याचं ठाम मत होतं. सावकार आणि कूळ एकाच रांगेत उभे राहतात ते या ‘माणूस न पाहण्या’मुळेच. मात्र त्याने एक भेद करून ठेवला. हिशेब चोख आहे का, हा एक प्रश्न. ज्यासाठी हिशेब मांडला ते साधलं का, हा दुसरा. पहिल्याला त्याने औपचारिक विवेक म्हटलं, दुसऱ्याला आशयाचा. पिंजरा उभा राहतो तो पहिल्याचं उत्तर ‘हो’ येत असताना दुसरा प्रश्न विचारायचं बंद झालं की.

पहिली पायरी: माणसं किती लागतील?

कॉल सेंटर चालवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो माणसांच्या संख्येचा. समजा अर्ध्या तासात १०० फोन येतात आणि एका फोनला सरासरी ३ मिनिटं लागतात. म्हणजे ३० मिनिटांत ३०० मिनिटांचं काम. १० माणसं पुरतील असं वाटतं, पण ती पुरत नाहीत. फोन रांगेत शिस्तीने येत नाहीत. एका मिनिटात सात येतात, पुढच्या मिनिटात एकही नाही. रिकामं गेलेलं मिनिट साठवून ठेवता येत नाही, साचलेली रांग मात्र पुढे सरकत राहते. बरोबर १० माणसं बसवली तर रांग वाढतच जाते.

मग नेमकी किती? याचं गणित डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने सोडवलं. तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला होता आणि १९१७ साली त्याने रांगेत थांबावं लागण्याच्या शक्यतेचं सूत्र प्रसिद्ध केलं. आजही कॉल सेंटरच्या वर्कफोर्स विभागात बसलेली माणसं जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या पोटात बहुतेक वेळा याच सूत्राचा कुठला ना कुठला अवतार असतो. वरच्या उदाहरणात ते सूत्र चालवलं तर उत्तर असं येतं:

- ११ माणसं असतील तर ग्राहकाला सरासरी सुमारे २ मिनिटं थांबावं लागतं.
- १२ असतील तर सुमारे ४० सेकंद.
- १३ असतील तर सुमारे १७ सेकंद.
- १४ असतील तर सुमारे ८ सेकंद.

या धंद्यात ‘८०-२०’ हे माप फार चालतं. शंभरातले ८० फोन २० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. आपल्या उदाहरणात १३ माणसांवर ते जवळजवळ तंतोतंत साधतं. सूत्राला मर्यादाही आहे. कंटाळून फोन ठेवून देणारा माणूस ते धरत नाही, त्यामुळे ते थोडी जास्त माणसं सांगतं. तरीही हा हिशेब उत्तम आहे. त्याच्यामुळे ग्राहकाचा वेळ वाचतो आणि एजंटच्या अंगावर कामाचा डोंगर कोसळत नाही. एएचटीचं जन्मस्थान हेच. तो सगळ्या फ्लोअरचा मिळून एक अंदाज होता. कुठल्याही एका माणसाबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं.

दुसरी पायरी: पाच मिनिटांची सुट्टी

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. १३ पैकी एक जण जागेवरून उठला की सरासरी थांबणं १७ सेकंदांवरून ४० वर जातं. दोघं उठले की दोन मिनिटांवर. तेरातला एक म्हणजे आठ टक्क्यांपेक्षाही कमी माणसं, पण रांग दुपटीहून जास्त वाढते. काम आणि माणसं यांतलं अंतर कमी असलं की असंच होतं.

शौचालयाला जाण्याची वेळ का मोजली जाते, याचं उत्तर या गणितात आहे. एजंटने जागा सोडताना फोनच्या पडद्यावर ‘ऑक्स’चं बटण दाबून कारण निवडायचं असतं: चहा, जेवण, ट्रेनिंग, वैयक्तिक. ठरलेल्या वेळापत्रकाशी प्रत्यक्ष हजेरी किती जुळली याला ‘अ‍ॅडहेरन्स’ म्हणतात आणि रिअल टाइम डेस्कवर बसलेला माणूस ते मिनिटामिनिटाला पाहत असतो. कोणी सात मिनिटं ‘वैयक्तिक’वर दिसलं की टीम लीडरला, म्हणजे टीएलला, निरोप जातो. टीएल येऊन विचारतो. त्या टीएलच्या मनात खोट असते असं नाही. त्याच्यासमोर खरोखर लाल झालेला आकडा असतो.

इथे पिंजऱ्याचा पहिला गज बसतो. गणिताने दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एक माणूस कमी पडला तर रांग फार वाढते, आणि एक माणूस जास्त ठेवला तर ती तितकीच आटोक्यात येते. १४वा माणूस बसवला असता तर कोणी उठलं तरी ८ सेकंदांचे १७ झाले असते, ग्राहकाला जाणवलंही नसतं. पण १४व्या माणसाचा पगार खर्चाच्या रकान्यात दिसतो, उठायला घाबरणाऱ्या मुलीचा ताण कुठल्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून चौदावा माणूस घेण्याऐवजी तेरा जणांवर पहारा बसतो.

तिसरी पायरी: तीस सेकंद वाचवा

यानंतर कोणाच्या तरी लक्षात येतं, की सूत्रात आपल्या हातात असलेली एकच गोष्ट आहे. फोन किती येणार हे ग्राहक ठरवतात, पण एका फोनला किती वेळ लागणार हे कमी करता येईल. १८० सेकंदांचे १५० केले तर? तेच सूत्र सांगतं, की आता १३ ऐवजी ११ माणसांत जवळपास तीच सेवा देता येते. एका कॉलमागे तीस सेकंद म्हणजे अर्ध्या तासाला दोन माणसं. मोठ्या फ्लोअरवर ही बचत किती होते याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

मग फ्लोअरची सरासरी प्रत्येक एजंटचं टार्गेट बनते. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दीड मिनिटाला पिवळं होतं, अडीच मिनिटांना लाल. त्या घड्याळाखाली एक फोन कसा चालतो ते पाहू. हा प्रसंग कल्पित आहे, पण बँकेच्या हेल्पलाइनवर बसलेल्याला तो परका वाटणार नाही.

“बाळा, आमच्या ह्यांची पेन्शन त्या खात्यावर यायची. ते गेले गेल्या महिन्यात. आता ती मला मिळणार का, आणि कागद काय काय द्यायचे?”

एजंटला उत्तर माहीत आहे. मृत्यूचा दाखला, पेन्शनचा आदेश, खातं दोघांच्या नावावर आहे का, हे सगळं विचारून आजींना एकेक गोष्ट कागदावर लिहून घ्यायला सांगायला हवं. त्यांना लिहायला पेन शोधावं लागेल, मग चष्मा. सात-आठ मिनिटांचं काम आहे. आधीचे तीन फोन दोन-दोन मिनिटांत संपवले असले तरी हा एक आठ मिनिटांचा झाला की चार फोनांची सरासरी साडेतीन मिनिटांवर जाते. घड्याळ पिवळं झालेलं आहे.

“मॅडम, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल क्षमस्व. यासाठी आपल्याला शाखेत संपर्क करावा लागेल. आणखी काही मदत करू शकतो का?”

वाक्य नम्र आहे, माहिती खोटी नाही आणि कॉल १४० सेकंदांत संपला. नोंदीच्या यादीतून एजंट ‘माहिती दिली’ निवडतो. आजी शाखेत जातात, तिथे अर्धे कागद कमी पडतात, त्या परत फोन करतात. हा दुसरा फोन दुसऱ्याच एजंटकडे जातो.

हिशेब पुन्हा मांडू

आता शांतपणे बेरीज करू. आधी १०० फोन होते, प्रत्येकी १८० सेकंद. एकूण काम १८,००० सेकंद. आता प्रत्येक फोन १५० सेकंदांत संपतो, पण घाईमुळे वीस जणांचं काम होत नाही आणि ते पुन्हा फोन करतात. १२० फोन, प्रत्येकी १५० सेकंद. एकूण काम: १८,००० सेकंद. एका सेकंदाचाही फरक नाही. माणसं पुन्हा १३ लागतात.

पण अहवाल पाहा. एएचटी १८० वरून १५० वर आला. तेवढ्याच माणसांनी १०० ऐवजी १२० कॉल हाताळले, म्हणजे ‘उत्पादकता’ वीस टक्क्यांनी वाढली. महिन्याच्या बैठकीत हे दोन्ही आकडे हिरव्या रंगात दाखवले जातील आणि कोणी खोटं बोललेलं नसेल. प्रत्यक्षात मात्र सुटलेल्या अडचणी पूर्वीइतक्याच शंभर आहेत, वीस माणसांना एक जास्तीचा हेलपाटा पडला आहे आणि तेरा एजंट पूर्वीपेक्षा जास्त धावपळ करत आहेत. वेबरचे दोन विवेक इथे फारकत घेतात. हिशेब चोख आहे. ज्यासाठी फोन लावला होता ते मागे पडलं आहे.

आणि पुन्हा येणारे वीसऐवजी तीस झाले, तर काम १९,५०० सेकंदांवर जातं, रांग वाढते आणि व्यवस्थापनाला एकच उपाय सुचतो: एएचटी आणखी खाली आणा.

गज वाढत का जातात

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी काहीतरी चुकतंय हे कळतं. मग पहिल्या फोनमध्ये प्रश्न सुटला का याचंही टार्गेट येतं. एजंट कॉल दुसऱ्या विभागाकडे ढकलू लागले म्हणून ट्रान्सफरवर मर्यादा येते. ट्रान्सफर जमेना म्हणून ग्राहकाला होल्डवर ठेवून शेजारच्याला विचारू लागले, म्हणून होल्डवर मर्यादा. आवाजात तुटकपणा आला म्हणून क्वालिटी विभागाचा तक्ता: नाव घेऊन बोलला का, सहानुभूती दाखवली का, शेवटचं वाक्य म्हटलं का. त्यात ‘फेटल’ चूक निघाली तर त्या कॉलचे सगळे गुण शून्य. सहानुभूती दाखवण्याचं ठरलेलं वाक्य म्हणायलाही सहा-सात सेकंद लागतात आणि ते सेकंद एएचटीत मोजले जातात.

प्रत्येक नवा नियम आधीच्या नियमाने केलेली खरी दुखापत भरून काढायला आलेला असतो, म्हणून त्याला विरोध करणं अवघड जातं. बाहेरून आलेले आकडेही यात भर घालतात. आपल्याकडे दूरसंचार कंपन्यांसाठी ट्रायने ९० सेकंदांत ९५ टक्के कॉल एजंटने उचलावेत असं मानक घातलं आहे. ग्राहकाच्या बाजूने ते योग्यच आहे. पण उचलण्याची घाई मोजली जाते तेव्हा उचलल्यानंतर काय घडतं, तिकडची नजर आपोआप ढळते. शेवटी एजंटपुढे आठ-दहा आकडे असतात, त्यातले काही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि समोरच्या माणसासाठी आपल्या बुद्धीने काही करण्याची जागा उरत नाही. पिंजरा तयार होतो तो इथे.

कसं ओळखायचं

आपल्या फ्लोअरवर हे घडतंय का, हे कळायला महागडा सल्लागार लागत नाही. तीन ठिकाणी बघावं. पहिलं, एकाच नंबरवरून सात दिवसांत आलेले दुसरे-तिसरे फोन वेगळे काढून मोजावेत. एएचटी घसरताना ते वाढत असतील तर बचत कागदावरची आहे. दुसरं, सरासरीऐवजी कॉलच्या लांबीचा आलेख काढावा. निरोगी फ्लोअरवर लांब फोनांची शेपटी हळूहळू विरत जाते. दबावाखालच्या फ्लोअरवर लाल घड्याळाच्या जरा आधी एक उंचवटा दिसतो आणि अगदी सुरुवातीला, वीस-तीस सेकंदांच्या फोनांचा, दुसरा. त्या दुसऱ्या उंचवट्यात मुद्दाम तोडलेले फोन असतात. तिसरं, नोंदीच्या यादीत ‘माहिती दिली’ किंवा ‘इतर’ यांचं प्रमाण पाहावं. माणसांच्या खऱ्या अडचणी यादीत मावेनाशा झाल्या की त्या या दोन डब्यांत जातात.

गज काढायची किंमत

पिंजरा मोडून टाकता येईल असं वेबरला वाटत नव्हतं, आणि एर्लांगचं गणित रद्द करता येत नाही हेही खरं. पण कुठला गज कशासाठी बसवला ते कळलं की काही गज काढता येतात, आणि त्याची किंमतही आधीच मोजता येते.

अमेरिकेतल्या झॅपोस या बूट विकणाऱ्या कंपनीने आपल्या एजंटांवर कॉलच्या वेळेची मर्यादा घातली नाही. तिथले काही कॉल कित्येक तास चालल्याचं प्रसिद्ध आहे. टी-मोबाइल या दूरसंचार कंपनीने अमेरिकेत वेगळा मार्ग घेतला. ठरावीक भागातल्या ग्राहकांची जबाबदारी एका ठरावीक गटाकडे दिली, गटातले लोक शेजारी बसवले आणि अडचण दुसऱ्या विभागाकडे न ढकलता गटातच सोडवायची असं ठरवलं.

याला खर्च येतो. आपल्याच उदाहरणात १०० फोन एका मोठ्या गटाकडे न पाठवता ५०-५० चे दोन गट केले, तर १४ माणसांत मिळणारी सेवा द्यायला ८ आणि ८ मिळून १६ माणसं लागतात, कारण एका गटातला रिकामा माणूस दुसऱ्या गटाची रांग उचलू शकत नाही. म्हणजे ग्राहकाला ओळखणाऱ्या छोट्या गटाची किंमत दोन माणसं. पण आपण वर पाहिलं, की पुन्हा येणारे वीस फोन सुद्धा दोनच माणसं खातात. ओळखीच्या गटाने ते वीस फोन वाचवले तर खर्च फिटला. फरक इतकाच, की दोन माणसांचा पगार पत्रकात ठळक दिसतो आणि वीस हेलपाटे दिसत नाहीत, कारण ते मोजायचं कोणी ठरवलेलंच नसतं.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. एएचटी ठेवा, पण तो नियोजनाच्या टेबलावर ठेवा. किती माणसं बसवायची हे ठरवायला त्याच्याइतका चांगला आकडा नाही. एखादी मुलगी तिचं काम चांगलं करते का, हे ठरवायला त्याच्याइतका वाईट आकडा नाही. शंभर फोनांची सरासरी एका फोनला लावली की तो हिशेब राहत नाही, ती सक्ती होते. आणि जो आकडा माणसावर लावायचाच आहे, त्याच्या शेजारी अडचण सुटली की नाही हे सांगणारा आकडा त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा, आणि तो गटावर लावा. फोन किती वेळात संपावा हे गणित सांगतं. फोन कशासाठी आहे हे ते सांगत नाही. ते ठरवण्याचं काम माणसांचं आहे. ते गणितावर ढकलून मोकळं होण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नाही, आणि त्याचा जाब त्याला विचारला गेला पाहिजे.